नोटीस माझ्या नावाची, चौकशी गिऱ्हाइकाची

दिवाळी सरली की सी.ए.च्या ऑफिसात एका विशिष्ट प्रकारचे फोन वाढायला लागतात. "साहेब, इन्कम टॅक्सची नोटीस आलीय. आपलं रिटर्न तर वेळेवर गेलंय, मग हे काय?" नोटीस उघडून पाहिली, तर तिच्यात दुकानदाराच्या उत्पन्नाबद्दल फारसं काही नसतं. अमुक पॅन क्रमांकाच्या अमुक माणसाशी तुम्ही २०२२-२३ या वर्षात काय व्यवहार केला, त्याचा खातेउतारा, बिलं आणि पैसे कसे मिळाले याचा तपशील आठ-दहा दिवसांत पाठवा, एवढंच तिच्यात असतं. खाली कलम लिहिलेलं असतं, १३३(६).

ही १९६१च्या आयकर कायद्यातली तरतूद आहे. करनिर्धारण अधिकाऱ्याला एखाद्या चौकशीसाठी किंवा सुरू असलेल्या प्रकरणासाठी उपयोगी पडेल अशी माहिती तो कोणाकडूनही मागू शकतो. बँक आणि तिचे अधिकारी यांचा तर कलमात नावानिशी उल्लेख आहे. नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६पासून लागू होत असल्यामुळे पुढच्या वर्षांच्या नोटिशींवर कलमाचा आकडा वेगळा दिसेल. मागच्या वर्षांची प्रकरणं मात्र जुन्याच कायद्याखाली चालतात, आणि माहिती मागण्याचा अधिकार नव्या कायद्यातही कायम आहे.

फोन दिवाळीनंतरच का वाढतात, याचं कारण साधं आहे. २०२२-२३ या आर्थिक वर्षाचं करनिर्धारण वर्ष २०२३-२४, आणि त्याची छाननी ३१ मार्च २०२५पर्यंत उरकायची होती. छाननी सुरू असलेल्या माणसाने स्वतःचे हिशेब आधी दिलेले असतात. मग अधिकाऱ्याला ते बाहेरच्या कोणाकडून तरी पडताळून घ्यायचे असतात. हा बाहेरचा म्हणजे ज्याने माल विकला तो, ज्याने कर्ज दिलं तो, किंवा ज्या बँकेत खातं आहे ती बँक. कायद्याच्या भाषेत हा तिसरा पक्ष. आरोप त्याच्यावर नसतो, पण उत्तर त्याला द्यावंच लागतं. मुदतीत उत्तर दिलं नाही, तर कलम २७२ए(२)प्रमाणे दिवसाला ५०० रुपये दंड होऊ शकतो. २०२२पूर्वी तो १०० रुपये होता. उशिराचं सबळ कारण दाखवता आलं तर दंड टळतो, पण "लक्षात राहिलं नाही" हे सबळ कारण धरलं जात नाही.

उत्तर लिहायच्या आधी नोटीस खरी आहे की नाही ते बघावं. १ ऑक्टोबर २०१९पासून आयकर खात्याच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असावा लागतो. खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलच्या पहिल्या पानावर `Authenticate Notice/Order Issued by ITD` अशी सोय आहे. तिथे लॉगिन न करताही तो क्रमांक टाकून पाहता येतो. हल्ली हुबेहूब नोटिशीसारख्या पीडीएफ मेलवर येतात, सोबत एक लिंक असते आणि घाईची भाषा असते. गिऱ्हाइकांची खाती, त्यांचे पॅन आणि बँकेचे तपशील अशा भामट्याच्या हाती आपल्याच हाताने पडू नयेत, म्हणून ही दोन मिनिटं खर्च करायची. उत्तरही मेलला रिप्लाय करून द्यायचं नसतं. नोटिशीतच सांगितलेल्या मार्गाने, बहुतेक वेळा पोर्टलवर लॉगिन करून `e-Proceedings` मधून ते चढवायचं आणि पोचपावती उतरवून ठेवायची.

आता एक प्रकरण सविस्तर पाहू. समजा, कोल्हापुरात लोखंडी सळई आणि पत्र्याचं दुकान आहे. त्यांचा एक जुना कॉन्ट्रॅक्टर गिऱ्हाईक आहे, त्याच्या २०२२-२३च्या हिशेबाची छाननी चालू आहे, आणि दुकानदाराला नोटीस आली आहे. नोटिशीत पाच गोष्टी मागितल्या आहेत: खात्याचा पूर्ण उतारा, बिलांच्या प्रती, माल पोचल्याचा पुरावा, पैसे कोणत्या मार्गाने मिळाले त्याचा तपशील, आणि दुकानदाराच्या स्वतःच्या रिटर्नची पोच. शेवटची मागणी पाहून दुकानदार हमखास दचकतो. पण ती मागण्यामागचा हेतू मर्यादित असतो. विकणारा माणूस खरोखर आहे, व्यापार करतो आणि कर भरतो, की बिलं फाडण्यापुरतंच दुकान आहे, हे अधिकाऱ्याला बघायचं असतं.

दिवाणजींनी संगणकावरून काढलेला उतारा असा आहे. १ एप्रिल २०२२ रोजी कॉन्ट्रॅक्टरच्या नावे बाकी ३,२०,००० रुपये. वर्षभरात ४६ बिलं, जीएसटीसह एकूण ४१,३०,००० रुपये. बँकेतून जमा ३६,५०,०००, रोख जमा १,८०,०००. वाकलेली सळई परत आली, तिची क्रेडिट नोट ५९,०००. वर्षअखेर, ३१ मार्च २०२३ रोजी नावे बाकी ५,६१,०००. आकडे जुळतात, खातं स्वच्छ आहे. हा उतारा छापून, शिक्का मारून पाठवून दिला की काम झालं, असं कोणालाही वाटेल.

तसाच पाठवला तर काय होतं पाहा. कॉन्ट्रॅक्टरने आपल्या हिशेबात या दुकानातली खरेदी ३४,५०,००० दाखवली आहे. दुकानदाराच्या उताऱ्यात विक्री ४१,३०,०००. फरक जवळपास सात लाखांचा. खरं तर इथे काहीच गडबड नाही. ४१,३०,०००मध्ये मालाची मूळ किंमत ३५,००,००० आणि त्यावर १८ टक्क्यांनी जीएसटी ६,३०,००० आहे. परत आलेल्या मालाची मूळ किंमत ५०,००० वजा केली, तर उरतात बरोबर ३४,५०,०००. कॉन्ट्रॅक्टरने जीएसटीचा परतावा वेगळा घेतल्यामुळे खरेदी करासकट दाखवलेलीच नाही. दुकानदाराच्या खतावणीत मात्र गिऱ्हाइकाकडून येणं करासकट बसतं. म्हणून उताऱ्याच्या जोडीला बिलवार यादी द्यावी: बिल क्रमांक, तारीख, मूळ किंमत, कर, एकूण. हीच बिलं दुकानदाराने जीएसटीच्या विवरणपत्रात आधीच भरलेली असतात, त्यामुळे यादी तयार करायला फार वेळ लागत नाही. ती नसल्यामुळे अशी प्रकरणं महिनाभर लांबतात.

दुसरा फरक वर्षअखेरच्या बाकीत निघतो. दुकानदार म्हणतो येणं ५,६१,०००, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो देणं ३,११,०००. अडीच लाख गेले कुठे? कॉन्ट्रॅक्टरने ३१ मार्च २०२३ तारखेचा २,५०,००० रुपयांचा चेक लिहिला आणि त्याच दिवशी आपल्या वहीत नोंदवून टाकला. तो दिवस शुक्रवार होता. शनिवारी १ एप्रिलला बँकांचं वार्षिक काम, मग रविवार. चेक दुकानात आला सोमवारी ३ एप्रिलला, मंगळवारी महावीर जयंती, आणि खात्यात पैसे दिसले ५ तारखेला. दोघांच्याही नोंदी आपापल्या जागी योग्य आहेत. अशा वेळी दुकानदाराने "जुळवून टाकू" म्हणून ३१ मार्चचा उतारा बदलायचा नसतो. उतारा आहे तसाच द्यायचा आणि खाली एक ओळ लिहायची: ३१ मार्च २०२३ तारखेचा २,५०,००० रुपयांचा चेक आम्हाला ३ एप्रिल २०२३ रोजी मिळाला, ५ एप्रिलला वटला, आणि आमच्या वहीत तो २०२३-२४मध्ये जमा आहे. सोबत एप्रिल महिन्याच्या उताऱ्याचं एक पान जोडायचं.

माल पोचल्याचा पुरावा हा तिसरा भाग. सळईच्या धंद्यात तो सहसा चांगला असतो, कारण माल वजनावर विकला जातो. काट्याची पावती असते, तिच्यावर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन, गाडीचा नंबर आणि वेळ छापलेली असते. चलनावर साइटवरच्या माणसाची सही असते. मात्र ई-वे बिलांबद्दल गोंधळ होतो. ४६ बिलांपैकी १७ बिलांनाच ई-वे बिल आहे, उरलेल्या २९ना नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, २९ वेळा माल गेलाच नाही. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल, तर ई-वे बिलाची मर्यादा एक लाख रुपयांची आहे. त्याच्या आतल्या बिलाला ते लागतच नाही. हाच माल पलीकडे निपाणीला गेला असता, तर राज्याची हद्द ओलांडल्यामुळे मर्यादा पन्नास हजारांवर आली असती. दिल्लीत किंवा चेन्नईत बसून चेहराविरहित पद्धतीने छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हे ध्यानात येईलच असं नाही. म्हणून उत्तरात लिहून टाकावं: ही २९ बिलं राज्यांतर्गत आणि प्रत्येकी एक लाखाच्या आतली असल्याने ई-वे बिल काढलेलं नाही, काट्याच्या पावत्या सोबत आहेत.

खरी अडचण चौथ्या भागात आहे. रोख रक्कम १,८०,०००.

दुकानदाराच्या रोजमेळात ती चार वेळा आलेली दिसते, प्रत्येक वेळी ४५,०००. नोटीस आल्याचं कानावर गेलं आणि कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला. "शेठ, एवढं एक बघा. रोखीचे पैसे तुमच्याकडे चार हप्त्यांत दिसतात ना, ते दहा-दहा हजारांचे अठरा करून द्या. आमच्या वहीत तसेच आहेत. रक्कम तर तेवढीच राहते, तुमचं काय जातंय?"

हिशेब त्याच्या बाजूने सोपा आहे. धंद्याच्या खर्चापोटी एका माणसाला एका दिवसात दहा हजारांहून जास्त रोख दिली, तर कलम ४०ए(३)प्रमाणे तो खर्च उत्पन्नातून वजा मिळत नाही. पंचेचाळीस हजारांचे चार हप्ते म्हणजे चारही रकमा गेल्या. दहा हजारांचे अठरा म्हणजे सगळ्या वाचल्या. मात्र "तुमचं काय जातंय" हे खरं नाही. दुकानदाराचा रोजमेळ त्या चार तारखांना ४५,००० जमा दाखवतो, दुसऱ्या दिवशी त्यातली रोकड बँकेत भरल्याची स्लिप आहे, आणि या वह्यांचं ऑडिट होऊन अहवाल खात्याकडे गेलेला आहे. आता अठरा तारखांच्या नोंदी दाखवायच्या, तर चार दिवसांची रोकड शिल्लक उणे होते आणि इतर दिवसांची फुगते. आपल्याच वह्या आपल्याच ऑडिटशी भांडायला लागतात. शिवाय दुसऱ्याला कर चुकवता यावा म्हणून वहीत खोटी नोंद करणं हा १९६१च्या कायद्याच्या कलम २७७एखाली स्वतंत्र गुन्हा आहे. तो नोंद करणाऱ्यावर लागतो, म्हणजे दुकानदारावर.

दुकानदाराच्या मनात एक भीती असते: रोख घेतली हे सांगितलं, तर आपणच अडकू. रोखीवर त्याच्यासाठीही मर्यादा आहे, पण ती वेगळी आहे. कलम २६९एसटीप्रमाणे एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. इथे प्रत्येक हप्ता ४५,०००चा आणि वेगवेगळ्या बिलांपोटी आलेला आहे. त्याच्या बाजूने काहीच चुकलेलं नाही. खरं सांगितल्याने त्याचं काही बिघडत नाही. पण खोटं लिहून दिलं, तर जे संकट त्याचं नव्हतंच ते त्याचं होऊन बसतं.

एवढं झाल्यावर उलट टोकाला जाणारेही दिसतात. चिडलेला किंवा घाबरलेला दुकानदार न विचारलेलं सांगायला लागतो. "सदर गृहस्थ बहुतेक व्यवहार रोखीनेच करतात असे आमच्या ऐकण्यात आहे," असली वाक्यं उत्तरात येतात. याची काही गरज नसते. नोटिशीने तुमच्या वह्यांमधली माहिती मागितली आहे, गिऱ्हाइकाच्या चारित्र्याचा दाखला मागितलेला नाही. माझ्या मते चांगल्या उत्तराची एकच कसोटी आहे: त्यातलं प्रत्येक वाक्य कोणत्या कागदावरून आलं ते दाखवता आलं पाहिजे. कागद दाखवता येत नसेल, तर ते वाक्य काढून टाकावं.

ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालातून येते, आणि तो निकाल बँकेने दिलेल्या अशाच एका उत्तरावर फिरला होता. किशिनचंद चेलाराम विरुद्ध आयकर आयुक्त, १९८०. मुंबईतल्या या पेढीचं मद्रासमध्येही कामकाज होतं. १९४६मध्ये मद्रासहून मुंबईला १,०७,३५० रुपये तारेने पाठवले गेले. ही रक्कम पेढीचंच लपवलेलं उत्पन्न आहे, असा खात्याचा संशय होता. अधिकाऱ्याने बँकेच्या मॅनेजरला पत्र लिहून विचारलं. १९५५मध्ये मॅनेजरने कळवलं की रक्कम पेढीने पाठवली होती. त्यावर विसंबून रक्कम उत्पन्नात धरली गेली. पंचवीस वर्षांनी न्यायालयाने विचारलं ते इतकंच, की मॅनेजरने हे कशाच्या आधारावर लिहिलं? कोणती कागदपत्रं पाहिली? पैसे पाठवण्याच्या अर्जावर तर पेढीचं नाव नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. मॅनेजरच्या पत्रात आधार काहीच दिलेला नव्हता. पेढीला ते पत्र वेळेत दाखवलं गेलं नाही, मॅनेजरला प्रश्न विचारायची संधीही मिळाली नाही. अशा पत्राला पुरावा म्हणता येणार नाही, असं ठरलं आणि ती वाढ रद्द झाली.

मॅनेजरने "आमच्या अर्ज-फॉर्मवर पाठवणाऱ्याचं नाव असं आहे, पत्ता असा आहे, प्रत सोबत जोडली आहे" एवढंच लिहिलं असतं, तर पैसे कोणाचे हे ठरवायचं काम ज्याचं त्याच्याकडे राहिलं असतं. त्याने कागदावर दिसणारी गोष्ट सोडून तिच्यातून काढलेला निष्कर्ष लिहिला. बँकांमध्ये आजही हे घडतं. "खातेदार हे पैसे आपल्या भावासाठी फिरवतात" असं शाखेतल्या कोणाला तरी माहीत असतं, आणि ते उत्तरात शिरतं. बँकेच्या नोंदीत पाठवणाऱ्याचं नाव, खाते क्रमांक, युटीआर क्रमांक आणि तारीख असते, नातं नसतं.

बँकेपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो खातेदाराच्या गुप्ततेचा. १९२४च्या टूर्नियर या इंग्रज निकालापासून बँकिंगच्या कायद्यात हे मानलं गेलं आहे की खातेदाराची माहिती गुप्त ठेवणं हे बँकेचं कर्तव्य आहे, पण कायद्याने सक्ती केली तर ते बाजूला होतं. त्यामुळे १३३(६)च्या नोटिशीला "गोपनीयतेमुळे माहिती देता येत नाही" हे उत्तर चालत नाही. हे आपल्याकडे सर्वांत ठळकपणे ठरलं ते एका सहकारी बँकेच्या प्रकरणात. केरळमधल्या कन्नूर जिल्ह्यातल्या कथिरूर सेवा सहकारी बँकेला फेब्रुवारी २००९मध्ये नोटीस आली. १ एप्रिल २००५ ते ३१ मार्च २००८ या तीन वर्षांत ज्यांनी एक लाख किंवा जास्त रकमेचे रोखीचे व्यवहार केले किंवा तेवढ्या मुदतठेवी ठेवल्या, त्या सगळ्यांची नावं-पत्ते मागितले होते. बँकेचं म्हणणं असं, की कोणा एकावर प्रकरण चालू नसताना सरसकट सगळ्यांची यादी कशी मागता? ऑगस्ट २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेचं म्हणणं फेटाळलं. १९९५च्या दुरुस्तीने कलमात "चौकशी" हा शब्द घातला गेला आहे, त्यामुळे प्रकरण चालू नसतानाही माहिती मागता येते. फक्त अशा वेळी कनिष्ठ अधिकाऱ्याला आयुक्त किंवा त्या दर्जाच्या वरिष्ठाची आधी मंजुरी घ्यावी लागते, आणि ती या नोटिशीला होती.

आपल्याकडच्या नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था यांनी या निकालातून घ्यायची ती गोष्ट ही, की नोटीस वाचताना ती एका खातेदाराच्या चालू प्रकरणातली आहे की सरसकट यादी मागणारी आहे, ते आधी बघायचं. दुसऱ्या प्रकारची असेल तर मंजुरीचा उल्लेख शोधायचा. तो नसेल तर पत्र लिहून विचारायला हरकत नाही. मंजुरी असेल तर वाद घालण्यात दिवस घालवू नयेत.

त्यानंतर काम उरतं ते मोजून-मापून माहिती देण्याचं, आणि शाखेतल्या चुका इथेच होतात. एकाच नावाचे तीन खातेदार असतात, आणि घाईत नुसत्या नावावरून खातं शोधलं जातं. पॅन आणि जन्मतारीख जुळवल्याशिवाय उतारा काढूच नये. संयुक्त खातं असेल तर ते संयुक्त आहे आणि पहिलं नाव कोणाचं आहे हे स्पष्ट लिहावं, नाहीतर नवऱ्याच्या चौकशीत बायकोची ठेव त्याची म्हणून धरली जाते. २०२२-२३चा उतारा मागितला असेल तर पाच वर्षांचा देऊ नये. व्यापाऱ्यालाही हे लागू आहे. आमच्या सळईवाल्याने कॉन्ट्रॅक्टरकडून आलेल्या जमा रकमा दाखवण्यासाठी बँकेचा वर्षभराचा उतारा जोडला, तर त्यात त्याच्या इतर दोनशे गिऱ्हाइकांची नावं आणि रकमा जातात. मागणी एकाच पार्टीच्या जमांची असेल, तर तारीख, चेक किंवा युटीआर क्रमांक आणि रक्कम अशी यादी, आणि त्या त्या नोंदी असलेली पानं पुरतात.

खातेदाराला कळवायचं की नाही, यावर शाखांमध्ये बराच घोळ असतो. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल बँक स्वतःहून पाठवते, त्याची कुणकुण खातेदाराला लागू द्यायची नाही असा मनी लॉन्डरिंगच्या नियमांतला कडक दंडक आहे. तोच नियम १३३(६)लाही लागतो, असं बरेच जण धरून चालतात. कलम १३३(६)मध्ये तशी मनाई लिहिलेली नाही. तरीही नोटिशीत गोपनीयतेची सूचना असेल तर ती पाळावी, आणि कळवण्याचा निर्णय काउंटरवर न घेता मुख्य कार्यालयाकडून घ्यावा.

व्यवहारच सापडत नसेल तर? "या व्यक्तीशी आमचा व्यवहार नाही" हेही उत्तर आहे आणि ते द्यावं लागतं. गप्प बसणं चालत नाही. पण ते लिहिण्याआधी नीट शोध घ्यावा. कॉन्ट्रॅक्टर माल स्वतःच्या नावावर घेत असेल आणि बिल भागीदारीच्या नावावर बनत असेल. कधी खातं "पाटील साइट, उजळाईवाडी" अशा नावाने उघडलेलं असतं. जीएसटी क्रमांक घालून शोधलं तर असं खातं पटकन सापडतं, कारण त्या क्रमांकाच्या मधल्या दहा अक्षरांत पॅन असतो. शोध न घेता "व्यवहार नाही" लिहिलं, की तिकडे कॉन्ट्रॅक्टरची पस्तीस लाखांची खरेदी बोगस ठरायची वेळ येते, आणि इकडे दुकानदाराने स्वतःच्या जीएसटी विवरणपत्रात तीच बिलं दाखवलेली असतात. मग पुढची नोटीस त्याच्याच नावाने आणि त्याच्याच हिशेबाची येते.

मुदत कमी पडत असेल, तर ती संपायच्या आत लेखी वाढवून मागावी, आणि हाताशी असेल तेवढं त्याच वेळी देऊन टाकावं. खातेउतारा एका दिवसात निघतो. काट्याच्या पावत्या गोदामातल्या फायलींमधून काढायला आठवडा लागतो. पहिलं आज, दुसरं आठवड्याने, असं लिहून दिलं तर अधिकारी सहसा ऐकतात. काही कागद मिळतच नसेल, समजा एखादी पावती पावसात खराब झाली असेल, तर तेही तसंच लिहावं. नंतर बनवलेली पावती ओळखू येते, कारण काट्याच्या यंत्राचा अनुक्रम आणि तारीख जुळत नाही.

आमच्या प्रकरणातलं उत्तर शेवटी दोन पानांचं झालं. पहिल्या पानावर डीआयएन, नोटिशीची तारीख, कॉन्ट्रॅक्टरचा पॅन आणि पाच प्रश्नांची पाच उत्तरं, त्याच क्रमाने. प्रत्येक उत्तराखाली कोणत्या वहीवरून माहिती दिली आणि कोणतं परिशिष्ट जोडलं ते. दुसऱ्या पानावर बाकीच्या फरकाबद्दलची ती चेकची ओळ, ई-वे बिलांचा खुलासा, आणि रोखीच्या चार तारखा, प्रत्येकी ४५,०००. कॉन्ट्रॅक्टरला दुकानदाराने फोनवर सांगितलं, "वहीत जे आहे ते दिलं. तुमच्या वहीत वेगळं असेल तर तुम्ही तुमचं म्हणणं मांडा."

पुढचं काम दुकानदाराचं नाही. अधिकारी कॉन्ट्रॅक्टरला दुकानदाराचा उतारा दाखवून खुलासा मागेल. खरेदी आणि वर्षअखेरची बाकी यांतले फरक त्या दोन ओळींनी मिटतील. रोखीच्या १,८०,०००बद्दल कॉन्ट्रॅक्टरला त्याच्या अठरा व्हाउचर दाखवता येतील, दुकानदाराला प्रश्न विचारायची मागणी करता येईल, किंवा चार तारखा मान्य करून तेवढ्या खर्चावरचा कर भरता येईल. यातलं काहीही झालं तरी दुकानदाराने उत्तराची प्रत, पोचपावती आणि परिशिष्टं एका फायलीत लावून ठेवावीत. कारण कॉन्ट्रॅक्टर अपिलात गेला, तर दोन-तीन वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा येऊ शकतात, आणि तोपर्यंत दिवाणजी बदललेले असतात.